शहराचा माणूस तुटक का वागतो? झिमेलचा सिद्धांत आणि गिरणगाव सोलापूर

आजचा विषय एका जुन्या तक्रारीचा आहे. खेड्यातला माणूस शहरात येतो आणि म्हणतो, "इथं कुणाला कुणाचं पडलेलं नाही." या तक्रारीला पहिल्यांदा नीट उत्तर देणाऱ्यांपैकी एक म्हणजे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल. जन्म १८५८, बर्लिनच्या ऐन गजबजाटातला. १९०३ साली 'महानगर आणि मनोजीवन' हा त्यांचा निबंध आला. तोही मुळात व्याख्यानातूनच. त्यांचं म्हणणं असं की शहरी माणूस मनानं वाईट झालेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो.

कशापासून वाचवत असतो? आता सोलापूरच बघा. १८६० च्या सुमारास रेल्वे आली. १८७० च्या दशकात पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली, तिलाच आपण जुनी मिल म्हणतो. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकाच्या बाजूनं कानडी बोलणारे आले, दुष्काळानं उठलेली आसपासची मराठी माणसं आली. १९०१ च्या जनगणनेत सुमारे ७५ हजारांचं असलेलं हे गाव वीस वर्षांत सव्वा लाखाच्या घरात गेलं.

तीनशे वस्तीच्या गावात वाटेत भेटणारा प्रत्येक जण ओळखीचा असतो. कुणाकडं आजारपण आहे, कुणाची म्हैस व्यायली, हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हाच माणूस पाळी सुटताना गिरणीच्या दारात उभा राहिला, तर पाच मिनिटांत हजारो चेहरे समोरून जातात. प्रत्येकाची विचारपूस करायची म्हटली तर तो घरी पोचणारच नाही. मन मग काय करतं? येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला काळजापर्यंत जाऊ देत नाही. ती डोक्यातच, बुद्धीच्या पातळीवर, निकालात काढतं. हे झालं पहिलं कारण.

दुसरं कारण पैसा. गावात सुतार-लोहाराला बलुतं मिळायचं. ते धान्याच्या रूपात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्यातून. गिरणीत साचेवाल्याला मजुरी मिळायची ती विणलेल्या मालावर. कापड कुणी विणलं याला बाजारात अर्थ नाही, ते किती वार आहे याला आहे. झिमेल सांगतात की पैसा प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो: किती? दिवसभर हाच प्रश्न विचारणारा माणूस हळूहळू माणसांकडंही तसाच बघू लागतो.

त्याला जोड मिळते घड्याळाची. बर्लिनमधली घड्याळं एका तासानं जरी वेगवेगळी चालली, तरी शहराचा व्यवहार कोलमडेल, असं झिमेल लिहितात. सोलापुरात ते घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा होता. शेतात पाऊस थांबेपर्यंत थांबता येतं, भोंगा थांबत नाही. त्यामुळं रस्त्यात कुणी गप्पा मारायला अडवलं की आपुलकीच्या आधी मनात हिशेब येतो.

पण इथं सोलापूर बर्लिनपेक्षा वेगळं पडतं. बर्लिनचा नवखा माणूस एकटा असायचा. सोलापूरचा कामगार बहुधा नातलगाचा किंवा जातभाईचा हात धरून कामाला लागला आणि आपल्याच पेठेत राहिला. साखर पेठेत त्याला तेलुगू ऐकायला मिळायची, सण आपले, सोयरीक आपली. म्हणजे आपल्याकडं अलिप्तपणा माणसागणिक आला नाही, तो पेठेच्या वेशीवर उभा राहिला. आत गाव, बाहेर महानगर. पेठेतली ऊब मात्र फुकट मिळत नाही, तिथं प्रत्येकाची नजर आपल्यावर असते. झिमेल नेमकं हेच दाखवतात की शहराच्या बेपर्वाईत एक मोकळीकही असते. अनोळखी गर्दीत तुमची जात, तुमचं घराणं लगेच कुणी विचारत नाही.

मग हा तुटकपणा म्हणजे माया आटली असं म्हणायचं का? मे १९३० आठवा. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि शहर रस्त्यावर आलं. ८ मेला गोळीबार झाला, पोलीस मागं हटले, आणि लष्करी कायदा येईपर्यंत काही दिवस स्वयंसेवकांनीच शहराची व्यवस्था पाहिली. पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावं बघा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. चार नावं, चार वेगळे समाज. पेठांच्या वेशी त्या दिवसांत ओलांडल्या गेल्या होत्या.

हे झिमेलच्या विरोधात जात नाही. अलिप्तपणा हे कवच आहे, आणि कवच उतरवता येतं. ते कायमचं उतरवून शहरात जगता मात्र येत नाही. म्हणून शेजाऱ्याशी तुटक वागणाऱ्याला माणुसघाणा ठरवण्याआधी एवढं बघावं, की त्याच्या दिवसात किती अनोळखी चेहरे, किती हिशेब आणि किती भोंगे आहेत. आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तरी त्याचं कवच उतरत नसेल, तर तिथं शहराची सबब चालणार नाही.