वधूगृहप्रवेश

वधूगृहप्रवेश : विवाहानंतर नववधू पतीच्या घरी प्रथम येते, त्या वेळी तिच्या स्वागतार्थ करावयाचा विधी. उंबरठ्यावरील आचार, गृहाग्नीपुढील होम आणि आप्तांनी वधूला उद्देशून उच्चारलेली शुभवचने, ही त्याची तीन प्रमुख अंगे होत. यांपैकी तिसऱ्या अंगाचा, म्हणजे स्वागतवचनांचा, इतिहास विशेष बोधप्रद आहे. नव्या घराने वधूला काय देऊ केले आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा केली, हे त्यांवरून कळते. वचन व वास्तव यांतील अंतरही त्यांतून मोजता येते.

या वचनांचा सर्वांत जुना संग्रह ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्यासूक्तात (१०.८५) आहे. सवित्याची कन्या सूर्या हिचा सोमाशी झालेला विवाह हा त्याचा विषय असून मानवी विवाहात म्हणावयाचे मंत्रही त्यात एकत्र आले आहेत. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडातही यांतील बरेच मंत्र थोड्या फरकाने आढळतात. सूर्यासूक्तातील एका मंत्रात वधूने पतिगृही जाऊन गृहस्वामिनी व्हावे आणि सभेत अधिकाराने बोलावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. दुसऱ्या एका मंत्रात सासरा, सासू, नणंद व दीर या चौघांचा क्रमाने उल्लेख करून त्यांच्यामध्ये तिला राज्ञीपद चिंतिले आहे. येथे संबोधिलेली वधू जाणत्या वयाची आहे, हे या अपेक्षांवरूनच स्पष्ट होते. घराचा कारभार व सभेतील भाषण हे बालिकेविषयीचे संकल्प नव्हेत.

गृह्यसूत्रांनी हे मंत्र प्रत्यक्ष विधीत कसे योजले, ते आश्वलायन गृह्यसूत्रावरून (१.८) नीट समजते. महाराष्ट्रातील ऋग्वेदी कुटुंबांचे विवाहविधी याच सूत्राला अनुसरतात. वधू रथात बसून निघते. वाटेत वस्ती लागली की पाहावयास जमलेल्या लोकांकडे बघून एक मंत्र म्हणावयाचा असतो. त्यात या सुमंगल वधूला पाहा, तिला सौभाग्य चिंता आणि मग आपापल्या घरी परता, अशी लोकांना विनंती असते. घरात प्रवेश करविताना तिला या घरी प्रिय ते लाभो व संतती वाढो, अशा आशयाचा मंत्र येतो. मग विवाहाग्नी प्रज्वलित करून त्याच्या पश्चिमेस बैलाचे कातडे अंथरतात. वधू त्यावर बसते आणि तिने पतीला स्पर्श केलेला असताना चार मंत्रांनी चार आहुती दिल्या जातात. चौघा नातलगांचा उल्लेख असलेला मंत्र या चारांतील अखेरचा आहे. नंतर पती दही खाऊन उरलेले वधूस देतो, अथवा होमातील उरलेले तूप दोघांच्या हृदयस्थानी लावतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की राज्ञीपदाचे वचन त्या चौघांनी स्वमुखाने द्यावयाचे नसून, ते त्यांच्यासंबंधी पतीकडून उच्चारले जाते.

इतर सूत्रांत घरच्या व शेजारच्या स्त्रियांना अधिक वाव आहे. गोभिल गृह्यसूत्रानुसार वधूला वाहनातून उतरवून आसनावर बसविण्याचे काम पती, पुत्र व शील यांनी संपन्न असलेल्या ब्राह्मण स्त्रिया करतात आणि तिच्या मांडीवर एक बालक ठेवले जाते. आपस्तंब गृह्यसूत्र वधूने उजवे पाऊल प्रथम टाकावे व उंबऱ्यावर पाय देऊ नये, असे सांगते. महाकाव्यांत याच प्रसंगाचे अधिक जिव्हाळ्याचे चित्र दिसते. रामायणाच्या बालकांडात चौघी वधूंना उतरवून घेण्यास कौसल्या, सुमित्रा व कैकेयी या स्वतः पुढे होतात. महाभारताच्या आदिपर्वात कुंती द्रौपदीला आशीर्वाद देताना इंद्राणी, रोहिणी, दमयंती, अरुंधती व लक्ष्मी यांची उदाहरणे देते. आज क्षौमवस्त्र नेसलेल्या सुनेचे जसे अभिनंदन करीत आहे, तसेच ती पुत्रवती झाल्यावर पुन्हा करीन, असेही ती म्हणते. सासूने सुनेशी बोललेल्या प्रेमळ शब्दांचा हा प्राचीन वाङ्‌मयातील एक ठळक नमुना होय.

या सर्व शुभवचनांना एक दुसरी बाजूही आहे. गृहप्रवेशाच्या चार मंत्रांपैकी एकात वधूची दृष्टी क्रूर नसावी, तिच्याकडून पतीचा घात होऊ नये आणि माणसांना व पशूंना ती कल्याणकारी ठरावी, अशी प्रार्थना आहे. बाहेरून येणारी स्त्री घराचे भाग्य बदलते, या समजुतीत आशा जितकी होती तितकेच भयही होते. मराठीतील ‘लक्ष्मीच्या पावलांनी येणे’ व ‘पांढऱ्या पायाची’ हे दोन्ही शब्दप्रयोग याच एका समजुतीतून आले आहेत. घरात लवकरच मृत्यू वा नुकसान घडले, तर स्वागताचे शब्द विरून जात आणि दोष सुनेच्या पायगुणाला दिला जाई. स्वागत करणाऱ्या स्त्रिया पतिपुत्रवती असाव्यात, या दंडकाचाही असाच परिणाम झाला. विधवा सासूला आपल्या सुनेला ओवाळण्याचा अधिकार उरला नाही व ते काम घरातील दुसऱ्या सवाष्णीकडे गेले.

महाराष्ट्रात पुढे या विधीचे स्थलांतर झाले. गृहप्रवेशनीय होम विवाहहोमाला जोडून विवाहस्थळीच करण्याची रीत पडली. त्यामुळे संस्कृत मंत्र मांडवात राहिले आणि घराचे दार स्त्रियांच्या मराठी आचारांकडे आले. वरात दाराशी आली, की वधूवरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात व पायांवर पाणी घालतात. उंबरठ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवलेले असते. ते उजव्या पायाने आतल्या बाजूस लवंडून वधू घरात येते. यालाच ‘माप ओलांडणे’ म्हणतात. धान्य आत सांडणे हे समृद्धी घरात येण्याचे चिन्ह मानले जाते. वराची बहीण दार अडवून आपल्या मुलासाठी भावाची भावी मुलगी मागते, आणि वधूला पतीचे नाव उखाण्यात गुंफून घ्यावे लागते. त्यानंतर लक्ष्मीपूजन होते. या वेळी तबकात पसरलेल्या तांदळांवर वर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो आणि ते जमलेल्यांना सांगून साखर वा पेढे वाटले जातात. सभेत अधिकाराने बोलण्याची सूर्यासूक्तातील अपेक्षा आणि उखाण्यातील दोन ओळी यांत मोठे अंतर आहे. तथापि अनोळखी घरातील पहिल्या दिवशी नववधूचा आवाज सर्वांनी ऐकावा, अशी तेवढीच एक जागा या विधीत उरली होती.

या अंतराचे कारण मुख्यतः विवाहाचे वय हे होय. विवाहाच्या अखेरीस वधूचे मातापिता वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांस वेळूच्या पात्रात दिवे ठेवून दान देतात. यास ऐरिणीदान म्हणतात. लौकिकात ते ‘झाल’ या नावाने ओळखले जाते. या वेळी म्हणावयाच्या रूढ संस्कृत श्लोकात मुलगी आठ वर्षांची असल्याचा स्पष्ट निर्देश असून तिला मायेने सांभाळावे, अशी याचना आहे. वैदिक मंत्रात जिला सत्ता चिंतिली होती, तिच्यासाठी आता दया मागितली जाऊ लागली. इतक्या लहान मुलीचा गृहप्रवेश बहुधा औपचारिक राही. ती काही दिवसांनी माहेरी परते आणि वयात आल्यावर ‘नांदावयास’ जाई. म्हणजे तिच्या दृष्टीने सासरचे पहिले दिवस दोन होते. पहिल्याला वाजंत्री व आशीर्वाद असत. दुसऱ्याला, जो खरा कठीण, फारसे स्वागत नसे.

पहिल्या दिवसाचे एक विश्वसनीय वर्णन रमाबाई रानडे यांच्या आमच्या आयुष्यातील काही आठवणी (१९१०) या ग्रंथात मिळते. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या व रानडे एकतीस वर्षांचे होते. पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहामुळे रानड्यांना हा विवाह मान्य करावा लागला. निरोप घेताना रमाबाईंच्या वडिलांनी त्यांना दिलेला उपदेश सोसण्याचा होता : घर मोठ्या माणसांचे आहे, काही झाले तरी सहन करावे, पतीपाशी कोणाचे गाऱ्हाणे नेऊ नये. वडील परतल्यावर रानड्यांनी या मुलीला जवळ बोलावले. आपण कोण, आपले नाव काय, हे तिला ठाऊक आहे काय, असे विचारले. माहेरची चौकशी केली. लिहितावाचता येते का, हेही विचारले. येत नाही असे कळताच त्याच रात्री पाटी-पेन्सिल देऊन त्यांनी पहिली काही अक्षरे शिकविली. तोवर रमाबाईंनी पेन्सिल हाती धरलेलीही नव्हती.

या प्रसंगाचे महत्त्व त्याच्या पुढील परिणामांवरून कळते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे शिकणे रुचले नाही आणि पुढे अनेक वर्षे रमाबाईंना त्यांचे टोमणे सोसावे लागले. पतीचे एकट्याचे स्नेहवचन पुरेसे पडत नाही. सासू व नणंद यांचा उल्लेख प्राचीन मंत्रात नावानिशी का आला असावा, हे या उदाहरणावरून समजू शकते. नवागत स्त्रीचा दिवस त्यांच्याच सहवासात जात असे. त्याचबरोबर या स्त्रियाही कधी काळी याच उंबरठ्यावरून याच रीतीने आत आलेल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

विसाव्या शतकात कायद्याने हे चित्र पालटत गेले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले. तो १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हे वय १५ वर्षे होते व १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ वर्षे केले. वधू प्रौढ झाल्यावर गृहप्रवेश व नांदावयास जाणे हे दोन दिवस पुन्हा एक झाले. माप, ओवाळणे व उखाणा टिकून आहेत. मात्र नाव बदलणे कायद्याने आवश्यक नसल्याने पूर्वीचेच नाव तांदळांत लिहिण्याची पद्धतही दिसते, आणि काही घरांत विधवा सासूच सुनेला ओवाळून आत घेते. मंत्रांतील वचने मूळची जाणत्या स्त्रीसाठी होती. ती पुन्हा जाणत्या स्त्रीला उद्देशून उच्चारली जाऊ लागली आहेत. त्यांचा अर्थ राखणे मात्र, पूर्वीप्रमाणेच, मंत्रात उल्लेखिलेल्या चौघांवर अवलंबून राहते.