पोटरीएवढा उजेड

डबा हादरतो आणि तुमचा खांदा शेजारच्या बाईच्या गाठोड्यात रुततो. गाठोड्यात अनारसे आहेत, वासावरूनच कळतं. गाडी छोटी, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. वळण आलं की अख्खा डबा एका अंगाला झुकतो आणि उभी असलेली सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडतात. सौंदड, देवलगाव, बाराभाटी मागे पडलेत. खिडकीतून कोळशाची कुसळं डोळ्यांत येतात, म्हणून डोळे किलकिले ठेवा. बाहेर बघण्यासारखं फार नाही, पण नाकाला भरपूर आहे. हलकं धान कापून झालंय, बांध्यांमध्ये कडपा सुकतायत आणि सांजेच्या दवाने त्यांचा ओलसर, गोडसर वास उठलाय.

अर्जुनी आली. उतरा. साल 1955च्या आगेमागचं, जिल्हा अजून भंडाराच आहे आणि आज दिवाळीचा पाडवा. झाडीपट्टीत आजच्या दिवसाला गायगोधन म्हणतात. उद्या भाऊबीज, म्हणून गाडीतून उतरणाऱ्यांमध्ये माहेरवाशिणीच जास्त. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं, पायांत जोडवी. स्टेशनवर एकच कंदील. त्याच्या पलीकडे पाऊल टाकलं की काळोख तुम्हाला गिळतो. काल अमावास्या झाली. आजची चंद्राची कोर, दिसलीच तर, केव्हाच मावळली. पुढच्या माणसाच्या खोकल्याच्या मागे चालत राहा. पायाखाली बैलगाडीच्या चाकोरीतली मऊ धूळ आहे, वरून गार आणि आत बोट घातलं तर अजून कोमट.

आता वळा. ही ती गल्ली.

तुम्ही दिवाळीच्या गल्लीची चित्रं पाहिली आहेत. सगळीकडे सोनेरी उजेड, माणसांचे हसरे चेहरे लख्ख दिसतायत. खरी गल्ली तशी नाही. इथे सगळा उजेड जमिनीवर आहे. पणत्या उंबऱ्यावर, ओट्याच्या कडेला, तुळशीच्या पायाशी, गोठ्याच्या दाराशी ठेवलेल्या आहेत, आणि एका पणतीच्या उजेडाची झेप किती, तर हातभर. म्हणून तुम्हाला आधी पाय दिसतात. भेगाळलेल्या टाचा, चिखल वाळलेल्या पोटऱ्या, लुगड्याचे काठ, धोतराचे सोगे, पोरांचे धावते गुडघे. कमरेच्या वर माणूस अंधारात विरघळलेला असतो. कोण आलं हे लोक आवाजावरून आणि चालीवरून ओळखतात. चेहरा दिसतो तो फक्त वाकणाऱ्याचा. एखादी बाई पणतीत तेल घालायला खाली वाकते, हनुवटी आणि नाकपुड्या खालून उजळतात, नथीचा मोती चमकतो. ती सरळ होते आणि पुन्हा नाहीशी होते.

मग भिंतींकडे बघा. दिवाळीच्या आधी त्या छुईच्या पांढऱ्या मातीने पोतल्या आहेत. दिवा खाली आणि जवळ असल्यामुळे सावल्या मात्र प्रचंड पडतात. चार वर्षांचं पोर पणतीसमोरून पळालं की भिंतीवर छपरापर्यंत एक राक्षस धावून जातो. गर्दी तुम्हाला गल्लीत निम्मी दिसते आणि भिंतीवर दुप्पट.

एका ओट्यापाशी थांबा. खाली बसा, म्हणजे चेहरे दिसतील. नऊवारीचा ओचा खोवून एक बाई पणत्यांची ओळ लावतेय. तिने नव्या पणत्या दिवसभर पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवल्या होत्या. कोरडी पणती तेल पिते. घातलेलं तेल मातीतच जिरतं आणि वात तासाभरात उपाशी राहते. जिची पणती बाहेरून तेलकट, काळपट दिसतेय, तिने भिजवायचा कंटाळा केला हे शेजारणी लांबूनच ओळखतात.

तिचा हिशेब ऐका, कारण ही सगळी रोषणाई या हिशेबावर उभी आहे. एका पणतीत दोन तोळे तेल मावतं आणि ते दोन-अडीच तास जळतं. तीस पणत्या म्हणजे साठ तोळे, ऐंशी तोळ्यांच्या शेरातला पाऊण शेर. तेल घाणीवरून आणलेलं जवसाचं आहे. याच तेलात उद्या वडे तळायचे आहेत, आणि घरातल्या बुधल्यात उरलंय शेरभरच. मग ती काय करते? निम्म्या पणत्यांत तळाला पाणी आणि वर तेलाचा थर. तेल तरंगतं, पणती भरलेली दिसते, ज्योत तितकीच मोठी. तेल संपत आलं आणि वात पाण्याला टेकली की पणती तडतडते, दोन ठिणग्या उडवते आणि विझते. गल्लीभर अधूनमधून जी तडतड ऐकू येतेय त्यातली निम्मी फटाक्यांची नाही.

जवसाच्या तेलाची आणखी एक खोड आहे. हवा लागली की ते हळूहळू घट्ट होतं. काल लक्ष्मीपूजनाला जळलेली वात आज टोकाशी चिकट आणि कडक झालेली असते. ती तशीच पेटवली तर काजळीचं बोंड धरते आणि ज्योतीऐवजी धूर सोडते. ती बाई काडीने बोंड झाडते, वात पुढे ओढते, पुन्हा ओढते, शेवटी फेकून देऊन तळव्यावर कापूस वळून नवी करते. वात पणतीच्या कडेबाहेर जवाएवढीच काढायची. जास्त काढली तर धूर, कमी काढली तर तेलात बुडून मरते. धूर आता तुमच्या घशात आहेच. जवस, शेण, ओली माती, तळण आणि कुठूनतरी बिडी.

“पाय जपून ठेवजो गा भाऊ, रांगोळी हाये!”

तुम्ही पाय उचलता. अगदी टाचेशी पांढरी रेघ. अंगणात शेणाचा सडा घालून सारवलंय आणि एक पोरगी उकिडवी बसून ठिपके जोडतेय. तांदळाचं पीठ आहे. धानाच्या मुलखात ते घरातच असतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पीठ, मधलं बोट खालून आधाराला, आणि हात जमिनीपासून वीतभरही वर नाही. हात उंच गेला की रेघ फिसकटते. पण खरं कसब वेळ ओळखण्यात आहे. सारवण फार ओलं असेल तर पीठ भिजून लगदा होतो आणि रेघ पसरते. फार सुकलं तर पिठाला धरायला काही उरत नाही, पोरं पळाली की वाऱ्याने उडून जातं. पोरीने मघाशी तळवा टेकवून पाहिला. तळव्याला गारवा लागला आणि शेण लागलं नाही, तेव्हा ती बसली. आता सात ठिपक्यांच्या सात ओळी, आणि त्यांतून कुठेही न तुटता फिरणारी रेघ. कोपऱ्यात काळ्या मुंग्यांची रांग आधीच कामाला लागलीय. पोरगी त्यांना हटकत नाही.

आणि मग ढोल.

आधी तो पायांना कळतो. गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडतं, माणसं भिंतीला चिकटतात, तुम्हीही चिकटा. गुरं येतायत. दुपारपासून ती आखरावर होती. तिथे शेणाचं गोधन रचून पूजा झाली आणि त्यावरून गाय-वासरू नेलं. आता ती घरी परततायत आणि अख्खं गाव त्यांच्यासोबत. शिंगं गेरूने लाल, कपाळावर मोरपिसं, गळ्यात घंटा. पणत्यांच्या उजेडात गायीचा पाय, गळ्याची पोळी आणि ओलं नाक एवढंच दिसतं. शिंगं वर अंधारात, पण भिंतीवर त्यांच्या सावल्या एकात एक अडकत पुढे सरकतायत. एका बैलाची कूस तुमच्या पोटाला घासून जाते. गरम, केसाळ, आणि त्याच्या श्वासाचा आवाज अगदी कानाशी. पाठीला भिंतीची छुई लागलीय. घरी जाईपर्यंत तुमचा सदरा पांढराच राहणार.

गुरांमागे गोवारी. त्यांच्या मधोमध ढाल: उंच बांबू, त्याला मोरपिसांचे झुबके. वर काय आहे ते खालच्या उजेडाला पोचत नाही. फक्त ताऱ्यांमधून काहीतरी डुलत चाललंय असं वाटतं. नाचणाऱ्यांच्या पायांनी धूळ उठते, ज्योती आडव्या होतात, चार-पाच पणत्या एकदम विझतात आणि गल्लीचा तो तुकडा काळा होतो. पुढच्या ओट्यावरची बाई जळत्या वातीवर दुसरी वात टेकवून पुन्हा पेटवत निघते. गोवारी तिच्या दाराशी थांबतात, नाचतात. वर्षभर गुरं राखणारी माणसं आज मानाने दारात उभी आहेत. बाई सुपातून तांदूळ आणून देते, आणि आपल्या गायीसमोर नव्या तांदळाच्या खिचडीचं ताट धरते. गाय जिभेने एकाच फटक्यात निम्मं ताट साफ करते.

रांगोळी? ती बघा. सात ठिपक्यांच्या ओळींवर पाच खुरं उमटलीत. एका खुराच्या खोलगटात पीठ साठून त्याचा ठसा रेखल्यासारखा दिसतोय. पोरगी हात झाडते आणि ओरडते, “माय, आपली गाय रांगोळीवरून आली!” माय आतून म्हणते, “मंग चांगलंच झालं.” इथे याच पावलांसाठी अंगण सारवलं होतं.

गर्दी आता तुम्हाला नेतेय, तुम्ही चालत नाही आहात. वडाखाली ढिवरांच्या बायका टोपल्या मांडून बसल्यात. उकडलेले शिंगाडे, सालं काळीभोर, वाफेला तळ्याच्या गाळाचा वास. पावशेर घ्या. दातांनी शिंग मोडा आणि साल दाबा. आतला गर पांढरा, पिठूळ, जिभेला पोळणारा. बोटं काळी होतील, धोतराला पुसा. सगळेच पुसतायत.

पुढे मोकळं मैदान आहे आणि तिथे पहिल्यांदाच उजेड डोक्याच्या वर दिसतो. टेंभे पेटवलेत, खडी गंमत उभी राहतेय. उद्यापासून गावोगावच्या मंडया सुरू होतील, पण इथल्या पोरांना तेवढाही दम नाही. ढोलकीवाला थाप देऊन कातडं तापलंय का बघतो, टेंभ्याजवळ नेऊन शेकतो, पुन्हा थाप देतो. लुगडं नेसलेला, मिशा काढलेला एक तरणा गडी पदर सावरत पुढे येतो आणि मैदानभर हशा पिकतो. अचानक सगळ्यांना चेहरे आलेत. शेजारी उभा असलेला, ज्याच्या नुसत्या टाचा तुम्ही मघापासून ओळखत होता, तो चक्क पांढऱ्या मिशांचा आजा निघतो. तुम्ही त्याच्याकडे बघतच राहता, तेवढ्यात मागून पाठीत बोट टोचतं.

“बस ना गा खाली! मागच्यायले दिसत नाही!”