म्हाळुंग, गदा, ढाल, पात्र : एका नजरेची कुळकथा

चित्रावर किंवा शिल्पावर लिहिलेल्या कवितेला पाश्चात्त्य समीक्षक ‘एक्फ्रासिस’ म्हणतात आणि तिची कुळकथा होमरपासून सुरू करतात. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात देवांचा लोहार अकिलीससाठी ढाल घडवतो. तिच्यावर कोरलेली शहरे, शेते, लग्ने आणि लढाया होमर ओळीओळीने दाखवत जातो. ही ढाल कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. कीट्सने 1819 साली ग्रीक कलशावर कविता लिहिली, तिच्यामागेही नेमका एकच कलश दाखवता येत नाही. या प्रकारच्या कवितेत वस्तू आधी आणि शब्द मागून, असा क्रम गृहीत धरता येत नाही. हे आपल्याकडे तपासायचे तर कोल्हापूरच्या अंबाबाईइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

दुर्गासप्तशतीचे तेरा अध्याय संपल्यावर तीन ‘रहस्ये’ येतात. त्यांतल्या पहिल्या, प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचे वर्णन आहे. तिच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. करवीरची मूर्ती याच लक्षणांनी ओळखली जाते. तिच्या उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात ढाल आणि खालच्या हातात पानपात्र आहे. नवरात्रात घरोघरी सप्तशतीचे पाठ होतात, तेव्हा हे वर्णन शेकडो तोंडांनी म्हटले जाते.

हा श्लोक मूर्ती पाहून रचला, की मूर्ती श्लोकाबरहुकूम घडवली? नुसत्या जुळणीवरून हे ठरत नाही. ध्यानश्लोकाची दोन्ही कामे असतात. शिल्पकाराला तो घडणीचा नियम सांगतो आणि साधकाला डोळे मिटल्यावर काय पाहायचे ते सांगतो. म्हणून त्याला केवळ वर्णन समजणे ही पहिली चूक ठरते. श्लोक कोणती नजर घडवतो, हा प्रश्न जास्त फलदायी आहे. त्याचे उत्तर चार गोष्टी पाहून मिळते.

पहिली गोष्ट, कोण कोणाला सांगतो. इथे ऋषी सुरथ राजाला सांगत आहेत आणि श्लोकाच्या मधोमध राजाला हाकही मारतात. राजाच्या समोर मूर्ती नाही. सप्तशतीच्या शेवटच्या अध्यायात हाच राजा आणि समाधी नावाचा वैश्य नदीकाठी मातीची मूर्ती करून तिची आराधना करतात. म्हणजे ही नजर मूर्तीपुढे उभ्या असलेल्या माणसाची नाही, ऐकणाऱ्याची आहे. ऐकणाऱ्याला मनात मूर्ती उभी करता यावी, अशा बेताने श्लोक बांधला आहे.

दुसरी गोष्ट, नजर कुठल्या वाटेने फिरते. संस्कृत काव्यात देवतेचे वर्णन पायांपासून वर आणि माणसाचे मस्तकापासून खाली करण्याचा संकेत आहे. हा श्लोक दोन्ही वाटा सोडतो आणि हातांपासून सुरुवात करतो. समोर उभे राहून करवीरच्या मूर्तीवर हा क्रम बोटाने गिरवून पाहा. म्हाळुंग आपल्या डाव्या बाजूला खाली, गदा त्याच बाजूला वर, ढाल पलीकडे उजवीकडे वर आणि पात्र उजवीकडे खाली येते. घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात, त्याच दिशेने. चार शब्दांत नजरेची प्रदक्षिणा होते आणि ती पूर्ण झाल्यावरच दृष्टी मस्तकाकडे जाते. हा क्रम रचणाऱ्याने मुद्दाम योजला होता, असे मी म्हणणार नाही. पण या मूर्तीपुढे म्हणताना तो असाच घडतो, आणि नजरेच्या अभ्यासात तेवढे पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट, श्लोक काय वाढवतो आणि काय गाळतो. प्राधानिक रहस्यात देवीचा वर्ण तापलेल्या सोन्याचा आहे आणि आपल्या तेजाने ती सारी पोकळी भरून टाकते. करवीरची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. मूर्तीमागे दगडी सिंह आहे, तो या वर्णनात नाही. ही तफावत कवीच्या हातून झालेली चूक मानली तर वाचन तिथेच थांबते. हात, आयुधे आणि चिन्हे दगडात कोरता येतात, पोकळी भरणारे तेज कोरता येत नाही. कारागिराच्या हातात येणार नाही ते श्लोकाने स्वतःकडे ठेवले आहे. शब्द आणि शिल्प यांची वाटणी कुठे झाली, ते अशा ठिकाणी स्पष्ट दिसते.

चौथी गोष्ट, प्रत्यक्ष पाहणाऱ्याला काय दिसते. अंबाबाई रोज साडी आणि दागिन्यांत असते. नवरात्रात तर दररोज वेगळ्या रूपात तिची पूजा बांधतात. रांगेतून पुढे सरकणाऱ्या भाविकाला मुख्यतः मुख दिसते; मस्तकावरची चिन्हे त्याच्या नजरेला पडत नाहीत. त्याच्या डोळ्यांना जे झाकलेले आहे, ते श्लोक त्याच्या कानावर घालतो. दर्शनातली नजर एकेरीही नसते. आपण देवीला पाहतो आणि देवीने आपल्याला पाहावे म्हणून जातो. प्राधानिक रहस्यातल्या या वर्णनात मात्र देवी कोणाकडे बघत असल्याचा उल्लेख नाही. तो श्लोक तिचे रूप सांगतो आणि भेट ऐकणाऱ्यावर सोपवतो.

तुकोबांचा विठ्ठलाच्या ध्यानाचा अभंग याच्याशेजारी ठेवला की फरक चटकन कळतो. तिथेही मूर्तीचे वर्णन आहे, पण नजर विटेपासून निघून शेवटी मुखावर येऊन ठरते आणि पाहणारा ‘मी’ उघडपणे बोलतो. या संस्कृत श्लोकात पाहणारा अदृश्य असतो, अभंगात तो स्वतःच्या आवडीसकट मूर्तीपुढे उभा राहतो. मूर्तिवर्णनाची परंपरा मराठीत आली तेव्हा तिच्यात झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे.

या पद्धतीची मर्यादाही करवीरातच दिसते. मुघली स्वाऱ्यांच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची 1715 साली पुन्हा प्रतिष्ठापना झाली. पुढे 1955 साली तिच्यावर वज्रलेप झाला आणि 2015 साली रासायनिक संवर्धन झाले. त्यानंतर मस्तकावरच्या नागचिन्हावरून कोल्हापुरात वाद उठला. अशा वेळी श्लोकाचा आधार घेतला जाणे स्वाभाविक आहे. पण मस्तकावर नाग असावा, एवढाच नियम श्लोक सांगू शकतो. अमुक साली या दगडावर तो किती स्पष्ट होता, हे जुनी छायाचित्रे, नोंदी आणि प्रत्यक्ष पाषाण यांनाच विचारावे लागते. कवितेला पंचनामा मानले की कविताही हातची जाते आणि पुरावाही.

म्हणून चित्रावरची किंवा शिल्पावरची कोणतीही कविता हाती आली की ती मूळ वस्तूशी किती जुळते, हे शेवटी पाहावे. आधी सांगणारा आणि ऐकणारा कोण ते शोधावे, मग नजरेची वाट आखावी, मग वाढवलेले आणि गाळलेले वेगळे काढावे, मग प्रत्यक्ष पाहणाऱ्याला काय दिसते ते तपासावे. हे झाल्यावर जी तफावत उरते, तीच त्या कवीची स्वतःची भर असते.