आर्तुझीच्या कानाला खटकलेला धैवत

व्हेनिसमध्ये १६०० साली आधुनिक संगीतातील दोष दाखवणारे एक पुस्तक छापले गेले. त्याचा लेखक जोव्हान्नी मारिया आर्तुझी हा बोलोन्याचा धर्मगुरू आणि संगीतशास्त्रज्ञ. पुस्तक संवादरूपात आहे. लूका नावाचे पात्र फेरारा येथे ऐकलेल्या नव्या माद्रिगालांचे, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या गीतांचे, तुकडे पुढे ठेवते आणि व्हारिओ त्यांतल्या चुका काढतो. रचनाकाराचे नाव कुठेही नाही. गीताचे शब्दही गाळलेले आहेत. त्यांतले पहिलेच उदाहरण होते क्लाउदिओ मोन्तेव्हेर्दीच्या ‘क्रूदा अमारिल्ली’मधले. एका तेराव्या मात्राखंडावरून पेटलेला हा वाद मी अनेकदा वाचला होता; कळला मात्र घरच्या हार्मोनियमवर.

पांढरी एक हा षड्ज धरा. डाव्या हाताने प, नी आणि वरचा रे एकत्र दाबून ठेवा. ही झाली कॉर्ड. धैवत तिच्यात नाही, म्हणून तो तिच्याशी घासतो. आता उजव्या हाताने प-ध-नी वाजवा. धैवत येतो आणि निघून जातो. दोन घरांमधल्या पायरीसारखा. हा पासिंग नोट. मग प-ध-प वाजवा. पंचम शेजारी डोकावून घरी परतला. हा नेबर नोट. शेवटी सुरुवातच धैवतावर करा, वजनदार मात्रेवर त्याला थांबवा आणि सावकाश पंचमावर उतरा. आता तोच धैवत पंचमाच्या अंगावर रेलल्यासारखा वाटतो. इटालियनमध्ये रेलणे म्हणजे ‘अपोज्जारे’. त्यावरून याला अपोज्जातुरा म्हणतात. तिन्ही वेळा स्वर एकच आणि कॉर्डही एकच. तो कुठून आला, कोणत्या मात्रेवर पडला आणि कुठे गेला, एवढाच फरक. डावा हात उचलून हेच पुन्हा वाजवले, तर तो ताण बराचसा नाहीसा होतो.

सोळाव्या शतकाचे व्याकरण यातल्या पहिल्या दोघांना मोकळीक देत असे, पण कमी वजनाच्या मात्रेवर आणि लगतच्या स्वरांवरून पायरीपायरीने जाण्याच्या अटीवर. वजनदार मात्रेवर विसंवाद हवा असेल, तर तो स्वर आधी संवादी म्हणून गायलेला असावा, तसाच धरून ठेवावा आणि मग एक पायरी खाली सोडवावा. तयारीशिवाय आलेला विसंवाद अशुद्ध ठरे.

मोन्तेव्हेर्दीच्या त्या जागी खालचा आवाज पंचमावर आहे. वरचा आवाज क्षणभर गप्प राहतो आणि एकदम तार धैवतावर उठतो. तयारी नाही. तिथून तो पंचमावर उतरला असता, तर निदान सुटका झाली असती; पण तो पंचम ओलांडून थेट मध्यमावर उडी घेतो. खालच्या पंचमाशी मध्यमही विसंवादी. मग तो गंधारावर येतो. आर्तुझीच्या कानाने टिपले ते अगदी बरोबर होते.

पण ध-म-ग या उडीत गाळलेले पंचम परत भरून पाहा: प-ध-प-म-ग. आता धैवत हा साधा नेबर नोट आणि मध्यम हा पासिंग नोट. त्या काळचे गायक लिहिलेल्या साध्या ओळीत असे स्वर आयत्या वेळी घालत असत, आणि आर्तुझीचा लूकाही गायकांच्या या सवयीकडे बोट दाखवतो. क्लॉड पॅलिस्का या संगीत-इतिहासकारानेही या जागेचा उलगडा याच दिशेने केला आहे. मला त्यातून एवढेच दिसते, की मोन्तेव्हेर्दीने व्याकरण मोडले नाही, त्याने वाक्य आखूड केले. सलोख्याचे स्वर मनात ठेवले आणि घासणारे तेवढे लिहिले. ऐकणाऱ्याच्या कानात पायऱ्या मुरलेल्या असतात, म्हणून ओळ तुटत नाही. पण आधार काढून घेतल्याने टोचते. आणि नेमका त्याच जागी गीतात दुःखाचा उद्गार आहे. आर्तुझीने शब्द गाळले, तेव्हा त्या धैवताचे कारणच गाळले गेले.

मोन्तेव्हेर्दीने १६०५ साली हे माद्रिगाल आपल्या पाचव्या संग्रहाच्या आरंभीच छापले आणि आपली रीत ही ‘दुसरी पद्धत’ असल्याचे जाहीर केले. त्यावर ग्रंथ लिहिण्याचे त्याचे आश्वासन अपुरेच राहिले. १६०७ मध्ये त्याचा भाऊ जूलिओ चेझारे याने खुलासा केला, की इथे शब्द हे स्वरमेळाचे स्वामी आहेत.

पुढे तयारीशिवाय रेलणारा स्वर सर्वमान्य झाला, तरी कागदावर तो बराच काळ संकोचून राहिला. अठराव्या शतकात अपोज्जातुरा बहुधा बारीक अक्षरातल्या स्वरासारखा मुख्य स्वराच्या आधी छापत. डोळ्यांना कॉर्डमधला स्वर मोठा दिसे, कानाला मात्र विसंवादच आधी ऐकू येई. कार्ल फिलिप एमानुएल बाख याने १७५३ साली सांगून ठेवले, की अशा बारीक स्वराने सामान्यतः मुख्य स्वराचा अर्धा काळ घ्यावा. आजही कोणी तो स्वर घाईने उडवला, की मला लगेच कळते: पुढचा स्वर सुटल्यासारखा वाटतच नाही, कारण तो कशात अडकलेलाच नसतो.