जुनी गोधडी किती जुनी? कापड, दोरा आणि टाका काय सांगतात

घरातली गोधडी बाहेर काढली की वय ठरलेलंच असतं: "आमच्या पणजीची आहे, शंभर वर्षं झाली." विकत घ्यायला आलेला माणूस मात्र ती उलटीपालटी करून "ही काय, तीस वर्षांची" म्हणतो आणि भाव पाडतो. बऱ्याचदा दोघांचंही अर्धंच खरं असतं. याचं कारण असं की गोधडीला एकच वय नसतं. लुगडं विणलं कधी, गोधडी शिवली कधी आणि दुरुस्त केली कधी, ही तीन वेगवेगळी वयं आहेत, आणि सगळा घोळ ती एकत्र करण्यातून होतो.

नऊवारी सुती लुगडं म्हणजे साधारण आठ मीटर कापड. ते आधी अंगावर वर्षानुवर्षं वापरलं जायचं. विरलं की त्याची धडुती व्हायची, आणि पुरेशी धडुती साठली की गोधडी शिवायला घेतली जायची. त्यामुळे गोधडीतलं कापड शिवणीपेक्षा नेहमीच जुनं असतं, कधी दहा वर्षांनी तर कधी चाळीस. म्हणून वय ठरवताना सगळ्यात जुना तुकडा शोधून उपयोग नाही. मूळ शिवणीत आलेला सगळ्यात नवा तुकडा शोधायचा. गोधडी त्या तुकड्याच्या आधीची असूच शकत नाही.

इथे 'मूळ शिवणीत' हे शब्द महत्त्वाचे. नंतर लावलेलं ठिगळ त्यात धरायचं नाही. ते ओळखायला टाक्यांची ओळ धरून बोट फिरवावं. ओळ तुकड्यावरून न तुटता पुढे गेली असेल आणि तेच टाके गोधडीच्या मागच्या बाजूलाही दिसत असतील, तर तुकडा मूळचा. तुकड्याभोवती फक्त चौकट शिवलेली असेल, टाका मागे उतरत नसेल किंवा जुनी ओळ तुकड्याखाली दडलेली असेल, तर ते ठिगळ.

कापडाबाबत लोक सगळ्यात जास्त फसतात ते काळ्या रंगाला. चंद्रकळेचा तुकडा हात लावताच भुगा होतो आणि शेजारचं लाल किंवा हिरवं इरकल मात्र शाबूत असतं, तेव्हा काळा तुकडा फार जुना असं वाटतं. पण काही काळे रंग सुताला आतून खातात. लोखंडाचा अंश असलेला जुना काळा रंग तसा असतो, आणि नंतर आलेला गंधकाचा काळा रंगही साठवणीत कापड कुजवतो. म्हणून एकाच वेळी विणलेल्या दोन लुगड्यांतलं काळं आधी जातं. फाटकेपणावरून वय धरू नये.

त्यापेक्षा खात्रीची खूण अस्तरावर सापडते. अस्तराला कधीकधी मांजरपाट लावलेला असतो आणि त्यावर गिरणीचा शिक्का राहिलेला असतो. शिक्क्यात माप वारात आहे की मीटरमध्ये, ते पाहावं. 1956 च्या मापांच्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं वार जाऊन मीटर आला, आणि 1962 पर्यंत तो सक्तीचा झाला. मीटर लिहिलेलं अस्तर 1958 च्या आधीचं असणं अवघडच. वार लिहिलेलं असेल तर मात्र गोधडी जुनीच असं म्हणता येत नाही, कारण जुना कपडा कुणी कितीही वर्षांनी वापरू शकतं.

दोऱ्यासाठी जाळून पाहायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण ती जपून करावी. गोधडी ज्योतीजवळ नेऊ नये. आधीच तुटून लोंबणारा इंचभर दोरा कापून घ्यावा, चिमट्यात धरावा आणि खाली ताटली ठेवावी. सुती दोरा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख बोटाने पुसली जाते. पॉलिस्टरचा दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. आधी जळून मग मणी झाला तर दोरा मिश्र. असा धागा देशात 1960 च्या दशकात तयार होऊ लागला आणि टेरिकॉट, नायलॉन म्हणून खेड्यात पोचला तो त्यानंतर. मात्र सुती दोरा निघाला म्हणून गोधडी जुनी ठरत नाही. सुती रीळ आजही दुकानात मिळतं.

राहिली टाक्यांची दाटी. "टाका जितका बारीक तितकी गोधडी जुनी" असं विकणारे ठासून सांगतात. ते खरं नाही. एका इंचात किती टाके बसतात हे शिवणारीचा हात, सुई आणि थरांची जाडी ठरवते. दोन थरांच्या बाळाच्या गोधडीत इंचाला सात-आठ टाके सहज बसतात. सहा-सात थरांच्या वाकळीत तोच हात तीन-चारवर येतो. दाटी मोजायची ती दुसऱ्याच कारणासाठी. पाच ठिकाणी इंच-इंच मोजावं. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला तीन येत असतील, तर दोन हात बसले होते किंवा अर्धी गोधडी नंतर परत शिवली आहे.

टाक्यातून काळ शोधायचा तर दाटी सोडून टाक्याच्या खाली पाहावं. सुईच्या टोकाने टाका हलकेच उचलावा. गोधडी शिवल्यावर उन्हात आणि धुण्यात विटली असेल, तर दोऱ्याखालच्या बारीक जागेत मूळ गडद रंग शिल्लक असतो. विटलेल्या लुगड्यांवर परवा टाके घातले असतील तर खाली-वर एकच रंग. चहाच्या पाण्यात बुडवून 'जुन्या' केलेल्या गोधड्या इथेच पकडल्या जातात. शिवाय त्यांचा मळकेपणा सगळीकडे सारखा असतो. खऱ्या वापरात उशाकडची बाजू डोक्याच्या तेलाने काळवंडते आणि घडीच्या कडा आधी विरतात.

माण तालुक्यातल्या घरांत असते तशी एक सहा थरांची वाकळ घेऊ. घरच्यांच्या मते ती शंभर वर्षांची आहे. वर इरकलचे तुकडे, मधे भुगा झालेली चंद्रकळा, एका कोपऱ्यावर टेरिकॉट. कोपऱ्याचा दोरा वितळतो, पण तिथले टाके मागे उतरलेले नाहीत, म्हणजे ते ठिगळ. बाकी दोरा सुती, इंचाला चार टाके, उचलल्यावर खाली गडद रंग. अस्तराच्या शिक्क्यात मीटर. म्हणजे वाकळ 1958 नंतर शिवलेली, आणि शंभर वर्षांचा दावा पडला असं वाटतं. पण चंद्रकळेच्या भोकातून आत पाहिलं तर तिथल्या कापडावर वेगळ्याच लाल दोऱ्याचे, इंचाला सहा टाके आहेत आणि त्यांची ओळ वरच्या ओळीशी जुळत नाही. जीर्ण झालेली आधीची वाकळच आत भरून वरून नवी शिवली आहे.

पणजीची म्हणतात ती कदाचित हीच. अशी वाकळ विकायची असो वा ठेवायची, उसवून आतली बाहेर काढू नये, कारण कुजकं सूत वरच्या शिवणीवरच तगून असतं. कापडाच्या पट्टीवर तिन्ही गोष्टी लिहून एका टोकाला टाचून ठेवाव्यात: बाहेरची शिवण 1958 नंतरची, आतली वाकळ त्याआधीची, कोपरा नंतर दुरुस्त.