‘पडणे–पाडणे’ आणि ‘लाय–ले’ : एकाच प्रत्ययाची दोन घराणी

हिंगोलीच्या वर्गात इंग्रजी भूतकाळाची रिकामी जागा भरताना ‘ले’ की ‘लेड’, असा पेच पडतो. या पेचाचे मूळ फार जुने आहे.

संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. ‘अय’ हा प्रयोजक प्रत्यय लागून स्वर दीर्घ झाला. मराठीत प्रत्यय झिजला, पण स्वर टिकला: पडणे–पाडणे, मरणे–मारणे.

इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही याच प्रत्ययाचे भावंड होते. त्यातून ‘लाय’ म्हणजे पडून राहणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, ही जोडी झाली. ‘लाय’चा भूतकाळ स्वर बदलून होतो आणि तो नेमका ‘ले’ असा येतो; ‘ले’चा भूतकाळ मात्र शेवटी ‘ड’ जोडून ‘लेड’ होतो. गोंधळ येथेच होतो.

‘राइझ’ची देशी जोडीदार ‘रिअर’ होती. ‘रेझ’ हे रूप स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांच्या भाषेतून आले.

मराठीची कसोटी येथे उपयोगी पडते. वाक्य भूतकाळात मराठीत म्हणावे. ‘मी पुस्तक ठेवले, मी वही ठेवली’ येथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून ‘लेड’. ‘मांजर चटईवर पडून राहिली’ येथे ते कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून ‘ले’. तसेच ‘सूर्य उगवला’ला ‘रोझ’, तर ‘तिने हात वर केला’ला ‘रेझ्ड’.

‘तो धडा शिकला’ यांसारखे मोजके अपवाद आहेत. या दोन जोड्यांना ते आड येत नाहीत.