गाई-म्हशींना औषध पाजणे व टोचणे

गाई-म्हशींना पातळ औषध तोंडावाटे पाजताना मोठा धोका असतो तो औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याचा. वेसण वर ओढून मान आभाळाकडे करण्याची जुनी सवय याला मुख्यतः कारणीभूत आहे. मान जवळपास आडवी असावी. नाकपुड्या डोळ्यांच्या वर जाऊ नयेत. पाजणाऱ्याने बाजूला उभे राहून, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून नळकांडे किंवा प्लास्टिकची बाटली आत सारावी. काचेची बाटली दाढेखाली फुटते. औषध घोटाघोटाने सोडावे आणि गळ्याखाली गिळल्याची हालचाल दिसल्यावरच पुढचा घोट द्यावा. जीभ ओढून धरल्यास जनावराला गिळता येत नाही. ठसका लागताच मान खाली सोडावी.

पोटफुगीत पाजले जाणारे गोडेतेल विशेष फसवे असते. ते श्वासनलिकेत शिरले तरी ठसका फारसा लागत नाही, त्यामुळे चूक तेव्हा लक्षात येत नाही. एक-दोन दिवसांत ताप, जोराचा श्वास, नाकातून घाण येणे, चारा सोडणे अशी फुफ्फुसदाहाची लक्षणे दिसतात. उपचार करूनही अनेक जनावरे दगावतात.

दुग्धज्वरातली म्हैस हे याचे नेहमीचे उदाहरण. व्याल्यावर दोन-तीन दिवसांत ती बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. रक्तातले कॅल्शियम घटल्याने तिची गिळण्याची शक्तीही मंदावलेली असते. अशा वेळी ताकदीसाठी पाजलेले गूळपाणी फुफ्फुसात उतरू शकते. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ती उठते, पण पुढे फुफ्फुसदाहाने मेली तर दोष सलाइनला दिला जातो. बसलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या जनावराला तोंडावाटे काहीही पाजू नये.

स्नायूत टोचण्यासाठी मानेचा मधला भाग निवडतात: वरच्या जाड बंधाच्या खाली, मणक्यांच्या वर आणि खांद्याच्या पुढे. पुठ्ठ्यावर टोचणे सोपे वाटते, पण तिथून मोठी नस जाते. सुई तिला लागली तर पाय लुळा पडू शकतो. सुई खुपसल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढावा. रक्त आले तर जागा बदलावी, कारण पेनिसिलीनसारखे दुधाळ औषध शिरेत गेल्यास जनावर तिथेच कोसळू शकते. कातडीखाली टोचताना मानेची सैल कातडी चिमटीत उचलून सुई तिच्या घडीत तिरपी घालतात.

प्रत्येक जनावराला नवी सुई वापरणे उत्तम. एकाच सुईने सगळा गोठा टोचल्यास सरा आणि ॲनाप्लाझ्मोसिस यांसारखे रक्तातून पसरणारे रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात. नुसते स्पिरिटने पुसल्याने सुई निर्जंतुक होत नाही. पुन्हा वापरायच्या धातूच्या सुया धुऊन वीस मिनिटे उकळाव्यात आणि निवू द्याव्यात. सिरिंजमध्ये स्पिरिटचा अंश राहिला तर जिवंत लस निकामी होते. वापरलेली सुई कुपीत परत घातल्यास उरलेले औषध दूषित होते. म्हणून औषध काढण्यासाठी वेगळी सुई बुचातच ठेवतात.

शिरेतून औषध देणे पशुवैद्यकावर सोपवावे.